जांगड वापसी आणि विक्री परतावा: दुकानात परत आलेल्या साड्यांचे दोन अर्थ

दुकानाच्या गादीवर साड्यांचा गठ्ठा परत येऊन पडतो, तेव्हा तो पाहून दोन गोष्टींतला फरक कळत नाही. पसंतीसाठी पाठवलेला माल नापसंत होऊन परत आला असेल, तर ती जांगड वापसी असते. बिल करून विकलेला माल खरेदीदाराने परत केला असेल, तर तो विक्री परतावा असतो. माल तोच आणि आणणारा माणूसही तोच असला, तरी पहिल्या प्रकारात विक्री झालेलीच नसते, तर दुसऱ्यात झालेली विक्री मागे घ्यावी लागते. त्यामुळे वहीतली नोंद, कराचा हिशेब आणि लागणारा कागद हे तिन्ही बदलतात. या दोन वापश्यांची गल्लत मी पुष्कळ दुकानांच्या हिशेबात पाहिली आहे. ती बहुतेक वेळा माल परत येताना होत नाही. माल पाठवतानाच, चलानावर एक ओळ लिहायची राहून गेल्यामुळे होते.

उदाहरण म्हणून ठाण्याच्या बाजारपेठेतील एक घाऊक साडी व्यापारी घेऊ. वाशीतील एका बुटीकच्या बाईंनी त्याच्याकडे लग्नसराईसाठी रेशमी साड्या मागितल्या, पण त्यातल्या किती ठेवणार हे गिऱ्हाइकांना दाखवल्यावरच सांगता येईल, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले. व्यापाऱ्याने ८ जानेवारीला २४ साड्या प्रत्येकी ४,५०० रुपये भावाने पाठवल्या. एकूण मूल्य १,०८,००० रुपये झाले. त्याने बिल केले नाही, जांगडीचे डिलिव्हरी चलान केले, आणि येथे ते बरोबरच होते. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३१(७) नुसार 'पसंत पडल्यास विक्री, नाहीतर परत' या अटीवर पाठवलेल्या मालाचे बिल माल निघताना करावे लागत नाही. ते पुरवठा घडेल तेव्हा किंवा त्याआधी, अथवा माल निघाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावे लागते. दरम्यानच्या काळात मालासोबत राहणारा कागद म्हणजे नियम ५५ खालील चलान. त्याच्या तीन प्रती काढायच्या असतात: एक माल घेणाऱ्यासाठी, एक वाहतूकदारासाठी आणि एक आपल्यासाठी.

याच २४ साड्या बाईंनी भाव ठरवून, ठेवायच्याच म्हणून मागितल्या असत्या, तर चलानाचा आधार घेता आला नसता. पक्क्या विक्रीचा माल दुकानातून हलवायचा असेल, तर बिल माल निघण्यापूर्वी किंवा निघतानाच झाले पाहिजे. काही दुकानदार पक्का सौदाही 'चलानावर' पाठवतात आणि बिल महिनाअखेरीस करतात. त्याला ते जांगड म्हणत असले, तरी ती जांगड नव्हे. तो बिलाविना केलेला पुरवठा ठरतो आणि त्यासाठी कलम १२२ मध्ये दंडाची तरतूद आहे. माल परत करण्याची खरी मुभा खरेदीदाराला होती की नाही, एवढाच प्रश्न विचारला तरी कागद कोणता हवा ते ठरते.

आता ती राहून जाणारी ओळ. चलानावर मालाचे वर्णन, एचएसएन क्रमांक, नग, करपात्र मूल्य आणि दोन्हीकडचे नाव-पत्ता व जीएसटी क्रमांक असतात, आणि पसंतीची मुदत बहुतेक ठिकाणी लिहिलेलीच नसते. व्यापाऱ्यांचा समज असा असतो की सरकारने सहा महिने दिलेच आहेत. पण सहा महिने ही शेवटची हद्द आहे, पसंतीची मुदत नव्हे. मालाची मालकी केव्हा जाते, हे मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम २४ सांगते. खरेदीदाराने पसंती कळवली, किंवा तो माल आपलाच असल्यासारखे काही कृत्य केले, की मालकी त्याच्याकडे जाते. नापसंती न कळवता त्याने माल ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तरीही ती जाते. मुदतच ठरली नसेल, तर 'वाजवी काळ' उलटल्यावर मालकी जाते, आणि वाजवी काळ किती यावर नंतर वाद घालत बसावे लागते.

आपल्या व्यापाऱ्याने चलानावर 'पसंतीची मुदत १५ दिवस, दि. २३ जानेवारीपर्यंत' असे लिहिले. म्हणजे २३ तारखेपर्यंत बाई काहीच बोलल्या नसत्या, तर चोवीसच्या चोवीस साड्या विकल्या गेल्या असे धरून तिथेच बिल करावे लागले असते. नंतर फेब्रुवारीत आलेल्या साड्या ही जांगड वापसी न राहता विक्री परतावा झाली असती आणि तिला क्रेडिट नोट लागली असती. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी, लेखी वाढवून घ्यावी. व्हॉट्सअॅपवरचा संदेशही जपून ठेवला तर कामी येतो. मुदत कितीही वाढवली, तरी ८ जुलैपर्यंत परत न आलेल्या प्रत्येक साडीचे बिल करणे भाग आहे, मग बाईंनी होकार दिलेला असो वा नसो.

चलानावर दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक साडीचा टॅग क्रमांक. 'रेशमी साडी, २४ नग' एवढेच लिहिले, तर परत आलेली साडी आपण पाठवलेलीच आहे की दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यातली, हे सांगता येत नाही. बुटीकमध्ये चार व्यापाऱ्यांचा माल एका कपाटात असतो, तेव्हा असे घडते आणि त्यात कोणाची लबाडी असतेच असे नाही.

मूल्य एक लाखाच्या वर असल्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशीला जाणाऱ्या या मालासाठी ई-वे बिलही लागले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख रुपये आहे. माल परराज्यात जात असेल तर ती ५०,००० रुपये आहे. ई-वे बिल करताना कागदाचा प्रकार Delivery Challan निवडायचा असतो. विक्रीचे बिल केलेले नसताना तेथे विक्री दाखवली, तर पुढे हिशेब जुळत नाही.

२० जानेवारीला बाईंनी १५ साड्या ठेवल्याचे कळवले. त्याच दिवशी त्या १५ साड्यांचे बिल झाले: मूल्य ६७,५०० रुपये, त्यावर ५ टक्के दराने ३,३७५ रुपये कर, एकूण ७०,८७५ रुपये. बिलावर मूळ चलानाचा क्रमांक आणि तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या नऊ साड्या परतीच्या चलानासह आल्या. त्या चलानावरही मूळ चलानाचा क्रमांक होता. परतीच्या मालाचे मूल्य लाखाच्या आत असल्यामुळे ई-वे बिलाचा प्रश्न उरला नाही.

नऊ नग मोजून लगेच साठ्यात घेतले असते, तर चूक झाली असती. दुकानातल्या जुन्या कारागिराने एकेक घडी उलगडली, तेव्हा एका साडीला फॉल लावून पिको केलेला आढळला. टॅग जागच्या जागी होता, पण साडीला फॉल लावून घेणे म्हणजे ती आपली मानणे. कलम २४ च्या भाषेत हेच ते कृत्य. तोंडाने 'नको' म्हटले तरी त्या साडीपुरती विक्री होऊन गेली. बाईंनीही वाद न घालता मान्य केले की एका गिऱ्हाइकासाठी फॉल लावला होता आणि तिने ऐनवेळी नकार दिला. त्या साडीचे वेगळे बिल झाले: ४,५०० अधिक २२५, म्हणजे ४,७२५ रुपये. एका चलानावर एकापेक्षा जास्त बिले होण्यात काही गैर नाही, मात्र चलानाचा हिशेब शेवटी शून्यावर आला पाहिजे. येथे गेलेल्या २४ मधून बिलाच्या १५ आणि १ वजा जाऊन ८ राहिल्या, आणि आठच साड्या साठ्यात परत आल्या. या आठांची क्रेडिट नोट नाही, कारण त्यांचे बिल कधी झालेच नव्हते. तशी क्रेडिट नोट काढणे म्हणजे न झालेल्या विक्रीवरचा कर कमी करून मागणे.

आता हाच व्यवहार दुसऱ्या रीतीने, आधीच बिल करून झाला असता तर काय झाले असते? ८ जानेवारीलाच २४ साड्यांवर ५,४०० रुपये कर दाखवावा लागला असता आणि खात्यात १,१३,४०० रुपये येणे दिसले असते. परत आलेल्या आठ साड्यांसाठी ३६,००० रुपये मूल्य आणि १,८०० रुपये कराची क्रेडिट नोट काढावी लागली असती, आणि बाईंनी त्या आठांवर कराची वजावट घेतली असेल तर ती उलटवावी लागली असती. माल त्याच महिन्यात परत आला तर रकमेत फार फरक पडत नाही. पण लग्नसराईत माल मार्चमध्ये गेला आणि मेमध्ये परत आला, तर मार्चची विक्री फुगते, एप्रिलमध्ये सगळ्यावर कर भरला जातो आणि तो मेच्या विवरणात कमी करून घ्यावा लागतो. क्रेडिट नोटलाही मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल ते. म्हणून माल खरोखर पसंतीवर जात असेल तर बिल करून क्रेडिट नोट काढण्याची सवय मला पटत नाही, जरी ती चलान सांभाळण्यापेक्षा सोपी वाटत असली तरी.

साठ्याच्या वहीत फरक अधिक ठळक दिसतो. जांगडीवर गेलेल्या साड्या दुकानात नसल्या तरी आपल्याच असतात. त्यांच्यासाठी 'जांगडीवरचा माल' असे वेगळे गोदाम वहीत ठेवावे, चलान करताना नग त्यात हलवावेत, बिल त्याच गोदामातून करावे आणि परत आलेले नग मूळ जागी आणावेत. टॅलीत Delivery Note वापरत असाल तर बिल करताना तोच Tracking Number निवडावा लागतो. तो चुकला की १५ साड्या साठ्यातून दोनदा कमी होतात, आणि हे कळते ते प्रत्यक्ष मोजणीत जास्त माल निघतो तेव्हा. परत आलेले नग Rejections In मध्ये त्याच क्रमांकावर घ्यायचे.

परत आलेल्या साडीचे साठ्यातले मूल्य ४,५०० रुपये नाही. तो चलानावरचा विक्रीचा भाव होता. साडी ३,२०० रुपयांना घेतलेली असेल, तर आठ साड्या २५,६०० रुपयांनीच साठ्यात दिसल्या पाहिजेत. चलानावरचा आकडा धरला तर न झालेला नफा वहीत येतो. ३१ मार्चला बाहेर असलेला जांगडीचा मालही याच खरेदीभावाने शेवटच्या साठ्यात धरायचा असतो. त्या दिवशी उघडी राहिलेली चलाने काढून, प्रत्येकावरचे शिल्लक नग बुटीकवाल्यांकडून लेखी मान्य करून घ्यावेत. ज्या चलानाची पसंतीची मुदत उलटून गेली आहे, त्यावरचे नग मात्र या यादीत धरता येत नाहीत. त्यांचे बिल व्हायचे राहिलेले असते.