दारसीच्या वाळूपासून जांभ्याच्या कोअरपर्यंत

मातीच्या अखंड नमुन्यातून पाणी सोडायचं, मापपात्रात किती जमलं ते मोजायचं आणि त्यावरून संपृक्त जलवाहकता, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीतून पाणी किती सहज वाहतं तो आकडा काढायचा, ही पद्धत कोकणातल्या मृद्-प्रयोगशाळांत रोजची आहे. तिचं मूळ फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या एका इस्पितळात सापडतं.

आँरी दारसी हा त्या शहराचा अभियंता. १८४० साली त्याने गावाला नळाचं पाणी आणलं. पुढे पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर किती जाड हवा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. १८५५ आणि १८५६ मध्ये त्याने इस्पितळाच्या आवारात ३५ सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी नळा उभा करून त्यात वाळू भरली. पाणी इस्पितळाच्याच नळातून घेतलेलं होतं. त्यामुळे कोणी आत तोटी उघडली की दाब खाली यायचा आणि बंद केली की वर उसळायचा. पाऱ्याच्या दाबमापकांवरचे आकडे सतत हलत असत. पाण्याची पातळी एका जागी स्थिर ठेवायची आजची अट किती मोलाची आहे, हे त्या हलत्या पाऱ्यावरून कळतं. आज आपण नमुन्यावरच्या जादा पाण्याला बाहेर जायला वाट ठेवतो किंवा पातळी आपोआप स्थिर ठेवणारी मॅरिऑट बाटली लावतो आणि ती अडचण सोडवतो.

दारसीने १८५६ च्या ग्रंथात निष्कर्ष मांडला तो असा, खालचं तोंड हवेला उघडं असताना:

```
q = k (s/e) (h + e)
```

इथे q म्हणजे ठराविक वेळात वाहिलेलं पाणी, k वाळूची जलवाहकता, s नळ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, e वाळूच्या थराची जाडी आणि h त्या थरावर उभ्या असलेल्या पाण्याची उंची. कंसातल्या त्या `+ e` कडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण आजही सर्वांत जास्त चूक तिथेच होते. पाण्याला खाली ढकलायला वर साठलेलं पाणी असतं, तसंच नमुन्यातून उतरणाऱ्या पाण्याचं स्वतःचं वजनही असतं. आज आपण हेच असं लिहितो, K म्हणजे जलवाहकता, Q ठराविक वेळात जमलेलं पाणी, L नमुन्याची उंची आणि A त्याचं क्षेत्रफळ:

```
K = Q L / (A ΔH),   ΔH = h + L
```

एक उदाहरण घेऊ. दापोलीजवळच्या वरकस जमिनीतला जांभा मातीचा कोअर, म्हणजे सिलिंडरने न मोडता काढलेला नमुना आहे, व्यास ७.५ सेंमी आणि उंची ७.५ सेंमी. क्षेत्रफळ ४४.२ चौरस सेंमी होतं. वर २ सेंमी पाणी स्थिर ठेवलं. खाली जाळी आहे आणि पाणी थेंबथेंब नरसाळ्यात पडतं. १० मिनिटांत १४५ मिलिलिटर जमलं, म्हणजे तासाला ८७० घन सेंमी. ΔH आहे २ अधिक ७.५, म्हणजे ९.५ सेंमी. मग K येतो ८७० गुणिले ७.५, भागिले (४४.२ गुणिले ९.५), म्हणजे तासाला सुमारे १५.५ सेंमी. आता कोणी ΔH म्हणून नुसते २ सेंमी धरले तर उत्तर ७४ च्या घरात जातं. जवळजवळ पाचपट! माती तीच, पाणी तेच आणि फक्त कंसातलं e विसरलेलं.

खोलीत तापमान २८ अंश असेल तर २० अंशांवरच्या K साठी या उत्तराला ०.८३ ने गुणावं लागतं, कारण गरम पाणी पातळ होतं आणि भराभर वाहतं. म्हणजे साधारण १२.९. कोकणात उन्हाळ्यात काढलेला आकडा कुठल्या थंड ठिकाणच्या आकड्याशी ताडायचा, तर हे करावंच लागतं.

दारसीची वाळू हाताने भरलेली होती. शेतजमिनीला तोच नियम लावताना पुढची अडचण आली. माती वाळवली, कुटली, चाळली आणि परत नळ्यात भरली की तिच्यातली मुळांची भोकं, गांडुळांच्या वाटा आणि कणांची गुठळी मोडते. अमेरिकेत १९४० च्या दशकात म्हणूनच जमिनीतून अखंड कोअर काढायची साधनं आणि पद्धत रुळली. जांभा मातीच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. तिच्यात चिकणमाती असते, पण लोह-ऑक्साइडमुळे कण घट्ट गुठळ्यांत बांधलेले असतात आणि त्या गुठळ्यांमधून पाणी वाळूतल्यासारखं निघून जातं. पोताचा तक्ता बघून मातीचा वेग ठरवला, तर कोकणात फसगत होते.

पण कोअर अखंड काढणं सोपं नाही. जांभ्यात बारीक खडे असतात. सिलिंडर ठोकताना एखादा खडा कडेने ओढला गेला की धातू आणि मातीच्या मध्ये खाच पडते आणि पाणी मातीला टाळून तिथून निसटतं. ओळखायचं कसं? वरच्या पाण्यात थोडा रंग टाकावा. तो खाली फक्त कडेनेच आला, तर तो नमुना बाद. आणखी एक ताळा आहे: वरचं पाणी २ वरून ५ सेंमी करावं. ΔH १२.५ होईल आणि प्रवाह मिनिटाला १४.५ वरून १९ मिलिलिटरच्या आसपास गेला पाहिजे. बराच वेगळा आला, तर वाहणं दारसीच्या नियमानुसार नाही किंवा नमुना आतून हलला आहे.

दुसरी जुनी अडचण हवेची. १९४४ साली क्रिस्टियनसनने दाखवलं की मातीत अडकलेली हवा पाण्याच्या वाटा अडवते आणि ती हळूहळू पाण्यात विरघळली की वेग वाढतो. तीन वर्षांनी अॅलिसनने पुढचा भाग सोडवला. दीर्घकाळ पाणी सोडल्यावर वेग पुन्हा घसरतो, तो जिवाणूंच्या वाढीमुळे. निर्जंतुक मातीत तशी घसरण दिसली नाही. अडकणाऱ्या हवेमुळेच कोअर वरून भिजवत नाहीत. पाण्याच्या ताटलीत ठेवून पातळी हळूहळू वाढवत खालून भिजवतात, म्हणजे हवेला वर निघायला वाट राहते. मी पाणीही आदल्या रात्री खोलीतच भरून ठेवतो. पहाटेचं थंड विहिरीचं पाणी दुपारच्या उबदार कोअरमध्ये शिरलं, तर ते तापताना आतच बुडबुडे सोडतं. वाचन मात्र दर दहा मिनिटांनी घेत राहावं आणि लागोपाठची काही वाचनं जुळल्यावरच Q धरावा.

खाडीकाठच्या खार जमिनीत गोष्ट वेगळी आहे. तिथे कोणतं पाणी वापरलं, यावर उत्तर फिरतं. १९५५ मध्ये क्वर्क आणि स्कोफील्ड यांनी दाखवलं की सोडियम जास्त असलेल्या मातीत पाण्यातलं क्षारांचं प्रमाण एका मर्यादेखाली गेलं की वाहकता कोसळते, कारण चिकणमातीचे कण फुगतात आणि सुटे होऊन वाटा बुजवतात. पावसाळ्यात पहिल्या सरींनी क्षार धुऊन जातात, सोडियम मात्र कणांना चिकटून राहतं. अशा कोअरला डिस्टिल्ड पाणी दिलं तर प्रवाह डोळ्यांदेखत मंदावतो आणि खालचं पाणी गढूळ येतं. प्रमाणित आकडा हवा असेल तर सौम्य कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण वापरावं. पण आषाढातल्या खाचरात काय होईल हे जाणायचं असेल, तर पावसाचंच पाणी घ्यावं. तो प्रवाह इतका कमी भरला की मापपात्रात तासभरात मोजण्याजोगं काही जमलंच नाही, तर ही मांडणी सोडून उतरत्या पातळीची पद्धत धरावी, म्हणजे वरचं पाणी स्थिर न ठेवता त्याची पातळी किती वेळात किती खाली येते ते मोजावं. आकड्यासोबत तापमान, ΔH आणि पाण्याचा प्रकार वहीत त्याच ओळीत लिहावा, कारण दोन वर्षांनी तोच नमुना तपासणाऱ्याला या तिन्हींशिवाय त्या K चा काही उपयोग होत नाही.