जाड चादर आणि ब्लँकेट : ऊसतोड कुटुंबांसाठी पांघरुणे देण्यापूर्वी

आमचे युवक मंडळ दर हिवाळ्यात बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी भागात उसाच्या फडांजवळ उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांसाठी ब्लँकेट गोळा करते, आणि दर वर्षी गाठोडी सोडली की त्यांत ब्लँकेटपेक्षा चादरीच अधिक निघतात. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. चादर जाड आहे, हाताला जड लागते, तेव्हा तिने थंडी भागेलच, असे त्यांना मनापासून वाटते. हा गैरसमज यंदा तरी दूर व्हावा, यासाठी संकलनाच्या तपशिलाबरोबरच दोहोंमधला फरक येथे सविस्तर मांडत आहोत.

चादर आपल्या घराघरांत आहे. घट्ट विणीची, दोन्ही बाजूंनी नक्षी असलेली सोलापुरी सुती चादर पक्क्या घरात, दारे-खिडक्या लावून, गादीवर झोपणाऱ्याला पुरेशी असते. ब्लँकेट लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे असते आणि त्याच्या अंगावर लव काढलेली असते. लांबी-रुंदीत दोहोंचा फरक नगण्य आहे, आणि रंगाचा व नक्षीचा तर येथे विचारच नको.

खरा फरक हवा धरून ठेवण्याचा आहे. ऊब वजनातून येत नाही. धाग्यांच्या मध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेमुळे अंगातील उष्णता बाहेर जात नाही, एवढेच कोणत्याही पांघरुणाचे काम असते. चादरीतील सुती धागा पिळदार आणि वीण घट्ट असल्याने तिच्यात अशा हवेला जागा फार थोडी असते. ब्लँकेटच्या लवेत ती भरपूर असते. म्हणून दोन पांघरुणे तराजूत सारख्या वजनाची भरली, तरी अंगावर त्यांची ऊब सारखी नसते.

घरात हा फरक फारसा जाणवत नाही, फडाच्या कडेला मात्र तो रात्रभर सोसावा लागतो, आणि त्याचे कारण ओल हे आहे. बीड किंवा विजयपूरकडून आलेल्या टोळीतील एका कुटुंबाची खोप डोळ्यांसमोर आणा. बांबूचा सांगाडा, त्यावर उसाचा पाला किंवा प्लास्टिकचा कागद, खाली मोकळी जमीन, शेजारी पाणी पाजलेले रान. डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचे तापमान १२ ते १४ अंशांपर्यंत सहज उतरते आणि पहाटे दव पडते. आत चार माणसांच्या श्वासाची वाफ कागदाला लागून थेंब धरते आणि तेच थेंब पांघरुणावर गळतात. सुती चादर हे पाणी शोषून घेते. धाग्यांच्या मधल्या हवेची जागा पाणी घेते. आणि पाणी हवेपेक्षा २० पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. मध्यरात्रीनंतर अशी चादर अंगाला गार लागू लागते. टोळी पहाटेच फडात जाते, चादर तशीच गुंडाळून ठेवली जाते, दिवसभर तिला ऊन मिळत नाही आणि दुसऱ्या रात्री ती ओलसरच अंगावर येते. ती दमट आणि आंबूस वासाची लागली, तर हे चक्र सुरू झाले आहे, असे समजावे.

लोकरीचे तसे नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही आणि तिचा फुगीरपणा बराचसा टिकतो. आपल्याकडील धनगरी घोंगडे या कामी उत्तम आहे. ते अंगाला टोचते म्हणून माळ्यावर टाकून दिले असेल, तर अवश्य द्यावे. आमची पहिली पसंती त्यालाच आहे. कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट पाणी जवळजवळ शोषत नाही आणि झटकून वाऱ्यावर टाकले की लवकर सुकते, त्यामुळे तेही चालते. मात्र ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. म्हणून ज्या खोपीत चूल आतच पेटते आणि लहान मुले तिच्याजवळ निजतात, तेथे आम्ही लोकरीचेच पांघरूण देतो.

घरातील पांघरूण नेमके कोणते, हे ओळखणे सोपे आहे. घडी मुठीत घट्ट दाबून सोडावी: ब्लँकेट पुन्हा फुगते, चादर दबलेलीच राहते. लोकर की कृत्रिम धागा, याची शंका असल्यास कडेचा एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवावा. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो. सूत कागदासारखे जळते.

याचा अर्थ चादर निरुपयोगी आहे, असा नाही. ब्लँकेटच्या सैल विणीतून वारा शिरतो आणि घट्ट विणीची चादर तो अडवते, म्हणून आत ब्लँकेट आणि वर चादर ही जोडी एकट्या ब्लँकेटपेक्षा नक्कीच सरस ठरते. तेव्हा चादर ब्लँकेटसोबत दिल्यास आम्ही ती आनंदाने घेऊ. एकटी चादर घेणार नाही, मग ती कितीही नवी असो. जमिनीची थंडी अडवण्यासाठी अंथरायला जान किंवा जुने घोंगडे हवे आहे, कारण अंगाखाली ब्लँकेटची लव दबून जाते आणि तिचा उपयोग उरत नाही.

वाकळ आणि कापसाची दुलई आम्ही नाकारतो. एकदा ओल धरली की ती फडावर सुकत नाही. पडदे, टॉवेल, साड्या आणि फाटके कपडे कृपया पाठवू नयेत. संकलन म्हणजे घरातील अडगळ काढण्याची सोय नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

संकलन डिसेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी ८ ते दुपारी १ या वेळेत होईल. बेळगाव शहरात वडगाव आणि अनगोळ येथील आमच्या मंडळाच्या खोल्यांत, येळ्ळूर येथे गावातील तालमीत, आणि खानापूर व निपाणी येथे बसस्थानकाबाहेर उभ्या असलेल्या आमच्या टेम्पोत पांघरुणे स्वीकारली जातील.

पांघरूण धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवून आणावे. लोकरीचे असल्यास गार पाण्यात बुडवून, न पिळता, सपाट पसरून वाळवावे. गरम पाण्यात ती आटते. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले पांघरूण किमान दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत टाकावे, कारण खोपींत तान्ही बाळे असतात आणि या गोळ्यांचा वास त्यांच्या रक्तातील पेशींना अपाय करू शकतो. घडीवर ‘लोकर’ किंवा ‘कृत्रिम’ अशी चिठ्ठी टाचणीने न लावता दोऱ्याने बांधावी. वाटप त्याच आठवड्यात सुरू होत असल्याने तिसऱ्या रविवारी दुपारी १ नंतर आलेली गाठोडी घेता येणार नाहीत.