डिलाकोर नावाची दोन औषधे

अमेरिकेत ‘डिलाकोर एक्सआर’ या नावाने विकल्या गेलेल्या कॅप्सूलमध्ये डिल्टियाझेम हे रक्तदाब आणि छातीतील कळ कमी करणारे औषध असे. सर्बियात मात्र ‘डिलाकोर’ या नावाने डिगॉक्सिन विकले जाते. ते हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवते आणि मात्रा थोडी वाढली तरी विषारी ठरू शकते. अशा नामसाधर्म्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००६ साली जाहीर इशारा दिला, तेव्हा त्यातही ही जोडी होती.

हे घडते, कारण व्यापारचिन्हाचा हक्क देशापुरता असतो आणि नवे नाव मंजूर करताना औषध नियामक मुख्यतः आपल्याच बाजारातील नावांशी ते ताडून पाहतो. इटलीतील ‘फ्लोमॅक्स’ दाह कमी करते, तर अमेरिकेतील ‘फ्लोमॅक्स’ प्रोस्टेट वाढल्यावर देतात. पण तेथे ‘हे कशासाठी घेता?’ एवढ्या एका प्रश्नाने घोटाळा उघड होतो. डिलाकोरच्या बाबतीत त्याच प्रश्नाला ‘हृदयासाठी’ असे उत्तर मिळाले, तर औषधविक्रेत्याला ते बरोबरच वाटेल. शिवाय लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणजे हृदय, त्यामुळे ते नाव दोन्ही औषधांना शोभते!

समजा, गोळ्या संपलेल्या प्रवाशाने केवळ नाव सांगून डिगॉक्सिन घेतले. मूत्रपिंडे नीट काम करत असली तरी ते शरीरातून निम्मे जायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. म्हणून रोजच्या गोळीने रक्तातील पातळी जवळपास आठवडाभर चढत राहते. सुरुवातीला भूक मंदावते आणि मळमळते, ज्याचा दोष सहज प्रवासातील खाण्यापिण्याला दिला जातो. नाडी मंद वा अनियमित होणे किंवा दिव्यांभोवती पिवळसर वलये दिसणे ही खरी ओळखीची लक्षणे. पण डिल्टियाझेमनेही नाडी मंदावत असल्याने तिचे मंद होणे रुग्णाला वावगे वाटेलच असे नाही. दरम्यान त्याचे मूळ औषध बंद पडलेले असते, ते वेगळेच.

खोक्यावर मात्र खूण असते. डिल्टियाझेमची कॅप्सूल १२० किंवा १८० मिलिग्रॅम अशी असते, तर डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे २५० मायक्रोग्रॅमची. आकड्यात इतकी तफावत दिसली, तर औषध तेच असण्याची शक्यता फारच कमी. व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटकाचे नाव हा त्याहून भक्कम पुरावा. ही आंतरराष्ट्रीय नावे ठरवण्याचे काम जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून करते, म्हणून प्रवासात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घटक, मात्रा आणि आजार ही तिन्ही लिहिलेली असावीत.

या नावांनाही थोडे अपवाद आहेत. बहुतेक जग ज्याला पॅरासिटामॉल म्हणते, त्याला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. हे ठाऊक नसलेला तापाचा रुग्ण दोन्ही वेगळी समजून एकत्र घेऊ शकतो आणि यकृतावर दुप्पट मात्रेचा भार टाकू शकतो.