पट्टा-वाहकाच्या देखभाल-संज्ञांचे मराठीकरण

कोळसा, खनिज, चुनखडी, धान्य असा सुटा माल हाताळणाऱ्या प्रकल्पात कन्व्हेयर बेल्ट, त्याला खालून आधार देणारे आयडलर आणि पुली यांच्या देखभालीचे तक्ते व सूचना मराठीत आणण्याचे काम. यात संज्ञेला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच असते. इंग्रजीत ज्या दोन बिघाडांना दोन नावे आहेत, त्यांना मराठीत सहज एकच क्रियापद लागते आणि मग सूचना वाचणारा फिटर चुकीच्या बोल्टला पाना लावतो.

नामांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. पट्टा, रोलर, पुली, बेअरिंग, ग्रीस हे शब्द कामगारांच्या तोंडी रुळलेले आहेत. पुलीसाठी शाळेच्या पुस्तकातला ‘कप्पी’ आणि बेअरिंगसाठी कोशातला ‘धारवा’ हे शब्द चांगले असले, तरी सुट्या भागांच्या भांडाराच्या खिडकीवर ‘दोन धारवे द्या’ म्हणून काही मिळणार नाही. भांडारातल्या नोंदीत जे नाव आहे तेच तक्त्यात असावे. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर मात्र इथे हमखास फसते. पुलीचा ‘क्राउन’ म्हणजे मुकुट नव्हे, तो पुलीच्या मधोमध दिलेला किंचित फुगवटा. ‘लॅगिंग’ म्हणजे मागे पडणे नव्हे, ते पुलीवर चढवलेले रबराचे किंवा सिरॅमिकचे आवरण. ‘टेक-अप’ म्हणजे उचलणे नव्हे, ती पट्ट्याला ताण देणारी यंत्रणा. पट्ट्याच्या ‘कारकस’ला कलेवर म्हटलेलेही पाहायला मिळते, ते आतल्या कापडी थरांचे किंवा पोलादी दोरांचे अंग असते आणि त्याला ‘पट्ट्याचा गाभा’ म्हटले की कोणालाही कळते.

रोलर आणि पुली हा भेद मात्र नीट सांभाळावा लागतो, कारण दोन्ही गोल, दोन्ही फिरणारे, आणि बोलताना दोघांनाही सर्रास ‘रोलर’ म्हटले जाते. भारतीय मानकांतही दोन्ही वेगळे आहेत: आयडलरसाठी आयएस ८५९८ आणि पुलीसाठी आयएस ८५३१. पुली पट्ट्याला ओढते किंवा त्याची दिशा वळवते. ती आपल्या दंडावर घट्ट बसवलेली असते, दंड तिच्यासोबत फिरतो आणि त्याची बेअरिंगे पुलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीवरच्या ब्लॉकांत असतात. आयडलरचा रोलर पट्ट्याला नुसता आधार देतो. त्याचा मधला दांडा ब्रॅकेटच्या खाचेत स्थिर बसतो, बाहेरची नळी त्याभोवती फिरते आणि बेअरिंगे नळीच्या दोन्ही टोकांशी, आतल्या बाजूला दडलेली असतात. मराठीत यासाठी दोन शब्द तयारच आहेत: फिरतो तो ‘दंड’, स्थिर राहतो तो ‘आस’. तक्त्यात हे दोन शब्द पाळले तर अर्धे काम होते.

हा भेद पुसला की काय होते ते ग्रीसच्या ओळीत दिसते. ‘दर महिन्याला पुलीच्या बेअरिंगना ग्रीस भरा’ ही सूचना ‘रोलरना ग्रीस भरा’ अशी उतरली, तर नवा मदतनीस ग्रीसगन घेऊन रांगेतल्या शेकडो रोलरांवर निपल शोधत बसतो. आजचे बहुतेक रोलर कारखान्यातच ग्रीस भरून सीलबंद केलेले असतात. त्यांना ग्रीस भरायची सोयच नसते. त्यांची देखभाल म्हणजे ते फिरतात का, खरखर आवाज येतो का, नळी झिजून पातळ झाली का हे पाहणे आणि बिघडलेला बदलणे. जाम झालेल्या रोलरसाठी ‘गोठलेला’ किंवा ‘मेलेला’ असले शब्द नकोत. ‘जाम’ पुरेसा आहे आणि तो सगळ्यांना येतो.

खरी गफलत ‘घसरणे’ या क्रियापदात आहे. ‘पट्टा घसरतो’ या एका वाक्याचे तीन अर्थ होऊ शकतात. पहिला, चालक पुली फिरते आहे पण पट्टा तिच्यासोबत तेवढ्या वेगाने जात नाही. दुसरा, पट्टा वेगात नीट चालतो पण आडवा सरकून एका कडेला जातो. तिसऱ्यात पट्ट्याचा दोषच नसतो: चढावरचा माल पट्ट्यावरून खाली येतो, आणि सांगणारा घाईत ‘घसरतंय’ एवढेच बोलतो. इंग्रजी सूचनेत पहिल्याला ‘स्लिप’ आणि दुसऱ्याला ‘मिसट्रॅकिंग’ अशी स्वतंत्र नावे असतात, म्हणून मूळ मजकूर वाचताना हा धोका जाणवतही नाही. तो मराठीत उतरवताना निर्माण होतो.

आणि दोन्हींचे उपाय परस्परांपासून फार दूरचे आहेत. पुलीवर पट्टा घसरत असेल तर ताण कमी पडतो आहे का, पुलीचे रबर गुळगुळीत झाले आहे का, पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाणी किंवा चिखल आला आहे का, हे पाहायचे. जळक्या रबराचा वास, तापलेली चालक पुली आणि वेग कमी पडल्यामुळे पडलेला झिरो-स्पीड स्विच या त्याच्या खुणा. पट्टा कडेला जात असेल तर या खुणा नसतात. तिथे एका बाजूची कड उसवलेली दिसते, चौकटीवर घासून चकाकणारी रेघ उमटते, माल एकाच बाजूला सांडतो आणि कडेचा स्वे स्विच पडतो. अशा वेळी ताण वाढवला तर दोष जागच्या जागीच राहतो, आणि बेअरिंगवर, दंडावर, पट्ट्याच्या सांध्यावर विनाकारण भार येतो. ‘घसरल्यास ताण वाढवा’ हे वाक्य म्हणूनच एका बिघाडासाठी बरोबर आणि दुसऱ्यासाठी घातक आहे.

यावर उपाय साधा आहे. तक्त्यात ‘घसरणे’ फक्त पहिल्या अर्थाने ठेवावे आणि तेही पूर्ण वाक्यात: ‘पट्टा चालक पुलीवर घसरतो’. दुसऱ्यासाठी ‘पट्टा कडेला जातो’. ‘सरकणे’ पूर्ण टाळावे, कारण ते दोन्हीकडे लागते. तिसऱ्यासाठी कर्ता बदलावा: ‘माल चढावर मागे येतो’. कडेला जाणारा पट्टा मार्गावर आणण्याच्या कामाला इंग्रजीत ‘ट्रेनिंग’ म्हणतात. त्याचे ‘पट्ट्याचे प्रशिक्षण’ झालेले वाचून हसू येते, पण ‘पट्टा मधोमध आणणे’ म्हटले की काम लगेच कळते.

दिशेचे शब्दही तितकेच निसरडे. एक ओळ प्रत्यक्ष करून पाहू. मूळ सूचना अशी आहे: पट्टा २४ व्या चौकटीपाशी डावीकडे जात असेल तर त्याच्या ‘अपस्ट्रीम’ आयडलरांत दुरुस्ती करा. पहिल्या भाषांतरात ‘अलीकडच्या आयडलरांत’ असे आले. पण अलीकडे कोणाच्या? क्रमांक टेल पुलीपासून, म्हणजे माल येतो त्या टोकापासून, मोजले तर माल जातो त्या टोकाच्या हेड पुलीकडे उभा असलेल्या माणसाला अलीकडचा म्हणजे २५ वा, टेल पुलीकडे उभ्या असलेल्याला २३ वा. ‘आधीचा’ हाही भरवशाचा नाही; चालत येताना जो आधी लागला तो आधीचा. डावे-उजवेही माणूस कुठे तोंड करून उभा आहे त्यावर ठरते.

म्हणून तक्त्याच्या डोक्यावर एकदाच लिहावे: चौकटींचे क्रमांक टेल पुलीपासून, आणि डावे-उजवे ठरवताना माल जातो त्या दिशेला तोंड करून उभे राहावे. मग ओळ अशी होते: ‘पट्टा २४ व्या चौकटीपाशी डाव्या कडेला जात असेल, तर माल ज्या बाजूने येतो त्या बाजूचे, म्हणजे २३, २२, २१ हे आयडलर तपासा. आयडलरचे डावे टोक माल जातो त्या दिशेने थोडे पुढे घ्या.’ यामागचे कारणही एका वाक्यात द्यावे, कारण कारण कळलेला माणूस दिशा विसरला तरी ती पुन्हा काढू शकतो: आयडलरच्या ज्या टोकाला पट्टा आधी टेकतो, त्या टोकाकडे तो जातो. डावे टोक पुढे गेले की पट्टा उजव्या टोकाला आधी टेकतो आणि उजवीकडे वळतो.

इथे ‘थोडे’ हा शब्द भाषांतरकाराला खुपतो, पण तो आकड्याने बदलायची घाई नको. मूळात आकडा नसेल तर तो घालायचा अधिकार त्याचा नाही. मात्र ‘दुरुस्तीनंतर पट्ट्याचे किमान दोन फेरे पूर्ण होऊ द्या’ या ओळीचे मिनिटांत रूपांतर करून देणे उपयोगी पडते. पट्ट्याची एकूण लांबी २४० मीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर एक फेरा १२० सेकंदांचा, म्हणजे दोन फेऱ्यांना ४ मिनिटे. तेवढे न थांबता लगेच दुसरा बोल्ट फिरवणारा माणूस आपल्याच आधीच्या दुरुस्तीशी झुंजत राहतो.

या फेऱ्यांत आणखी एक पाहणी होते आणि तिच्या भाषांतरात ‘भाग’ हा शब्द घोळ घालतो. पट्ट्याचा ठरावीक तुकडाच सगळ्या लांबीभर कडेला जात असेल तर दोष पट्ट्यात आहे. बहुधा सांधा वाकडा बसलेला असतो. सगळा पट्टा एकाच जागी कडेला जात असेल तर दोष त्या जागेजवळच्या आयडलरांत किंवा चौकटीत आहे. दोन्हीकडे ‘एकाच भागात’ लिहिले की भेद नाहीसा होतो. पट्ट्यासाठी ‘तुकडा’ आणि कन्व्हेयरच्या लांबीवरच्या ठिकाणासाठी ‘जागा’ असे वाटून द्यावे.

शेवटचा अवघड शब्द आहे ‘बंद’. ‘पट्टा बंद करून’ याचा अर्थ बटण दाबून थांबवलेला असाही होतो आणि वीजपुरवठा तोडून कुलूप लावलेला असाही. पुल-कॉर्ड ओढून थांबवलेला पट्टा काम करायला सुरक्षित नाही. ती दोरी आणीबाणीसाठी आहे. कुलूप लावल्यावरही लोंबते वजन पट्टा ताणून धरत असते, आणि चढावरचा भरलेला पट्टा उलटा फिरू पाहतो. म्हणून जिथे हात घालायचा आहे तिथे ‘बंद’ न लिहिता पायऱ्या लिहाव्यात: पट्टा थांबवा, वीजपुरवठा तोडा, कुलूप लावून पाटी अडकवा, ताणाचे वजन अडकवून ठेवा, स्टार्ट बटण दाबून पट्टा चालू होत नाही याची खात्री करा. पट्टा कडेला जातो का हे पाहायला तो चालूच हवा, त्यामुळे त्या ओळीत ‘चालू असताना, गार्डच्या बाहेरून फक्त पाहा’ असे लिहावे आणि बोल्ट ढिला करण्याची ओळ या पायऱ्यांच्या खाली ठेवावी. एकाच वाक्यात दोन्ही कोंबली की वाचणारा पाना घेऊन चालत्या पट्ट्याजवळ जातो.

तयार तक्ता तपासताना भाषातज्ज्ञापेक्षा रात्रपाळीचा फिटर अधिक कामाचा. मूळ इंग्रजी न दाखवता त्याला कन्व्हेयरजवळ नेऊन ओळ वाचायला द्यावी आणि ‘आता कुठे हात लावणार?’ एवढेच विचारावे. त्याने २५ व्या चौकटीकडे बोट दाखवले तर ओळ पुन्हा लिहावी लागते.

स्विचची आणि पॅनेलवरची नावे मात्र भाषांतरात बदलायची नाहीत. पाटीवर जे कोरले आहे तेच तक्त्यात यावे, कारण अलार्म आल्यावर माणूस तक्त्यातला शब्द पाटीवर शोधतो.