आधी हातचे शोधा, मग अंक: SEND + MORE = MONEY

लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात जुलै १९२४ मध्ये हेन्री ड्यूडेनी यांनी एक बेरीज छापली. अक्षरांच्या कोड्यांत तिच्याइतकी गाजलेली दुसरी नाही.

```
    S E N D
+   M O R E
-----------
  M O N E Y
```

प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक. एका अक्षराला सगळीकडे तोच अंक आणि दोन वेगळ्या अक्षरांना वेगळे अंक. शिवाय कुठल्याही संख्येची सुरुवात शून्याने होत नाही. इथे अक्षरे आठ आहेत. दहा अंकांतले आठ त्यांना वाटायचे तर १८,१४,४०० प्रकार होतात. तरीही हे कोडे पाठकोऱ्या कागदावर सुटते, कारण आपण अक्षरांच्या आधी हातच्यांचा माग काढतो. अक्षराला दहा पर्याय असतात, पण दोन संख्यांच्या बेरजेत हातचा एक तर ० असतो, नाही तर १. सगळ्यात मोठा संभव धरला, म्हणजे ९ आणि ९ आणि मागून आलेला १, तरी १९ च होतात.

म्हणून सुरुवात डावीकडून करायची. उत्तरात पाचवा अंक आला आहे तो निव्वळ हातच्यामुळे, आणि पहिले अक्षर शून्य असू शकत नाही. म्हणजे M = १.

आता हजाराचे घर पाहा. S, १ आणि शतकाकडून आलेला हातचा मिळून किमान १० व्हायला हवेत, म्हणून S एक तर ९ किंवा ८. S ९ असून हातचाही आला, तर बेरीज ११ होते आणि O ला १ मिळतो. पण १ तर M ने घेतला आहे. उरलेल्या दोन्ही शक्यतांत बेरीज १० च होते. म्हणजे S अजून पक्का नसला तरी O = ० हे ठरले.

शतकाच्या घरात बरेच जण अडकतात. तिथे E मध्ये ० मिळवून N येतो. शून्य मिळवल्यावर अंक बदलायचा नाही, पण E आणि N वेगळे आहेत. मग दशकाकडून हातचा १ आलेलाच असणार, आणि N हा E पेक्षा एकाने मोठा. या घरातून पुढे हातचा जायचा असेल तर E ९ आणि N ० हवा, पण ० O कडे आहे. म्हणजे हजाराच्या घरात हातचा गेलाच नाही आणि S = ९. हा सगळ्या कोड्यातला सर्वांत देखणा टप्पा आहे: एकाही नव्या अंकाचा अंदाज न करता दोन हातचे आणि एक अक्षर हाती लागते.

दशकात N, R आणि एककाचा हातचा मिळून E पेक्षा १० ने जास्त होतात. N च्या जागी E + १ ठेवला की R आणि हातचा मिळून ९ उरतात. R ९ असू शकत नाही, तो S आहे. म्हणून हातचा १ आणि R = ८.

आता २ ते ७ एवढेच अंक शिल्लक आहेत. एककातून हातचा निघतो आणि Y किमान २ आहे, म्हणून D आणि E ची बेरीज किमान १२ हवी. ती ५ आणि ७ किंवा ६ आणि ७ यांनीच जमते. E ७ धरला तर N ८ होतो, आणि ८ गेलेला आहे. म्हणून ७ D चा. E ६ धरला तर N ला ७ लागतो, तोही गेला. उरतो E = ५, त्यामुळे N = ६ आणि Y = २.

```
    ९५६७
+   १०८५
--------
   १०६५२
```

कुठेही ‘धरून पाहू’ म्हणून अंक टाकला नाही, त्यामुळे याखेरीज दुसरे उत्तर नाही हेही आपोआप सिद्ध झाले. पण पहिले अक्षर शून्य नको, ही अट काढली तर ते खरे राहत नाही. M ला ० दिल्यास २८१७ + ०३६८ = ०३१८५ हेही बाकीच्या सगळ्या नियमांत बसते; ताडून पाहा. म्हणून कोडे रचणाऱ्याने ही अट स्पष्ट लिहायलाच हवी.

‘डावीकडे एक जास्तीचे अक्षर म्हणजे १’ हे सूत्र पाठ करून प्रत्येक कोड्याला लावू नका. ते दोन संख्यांच्या बेरजेपुरतेच आहे. तीन संख्या एकाखाली एक असतील तर हातचा २ पर्यंत जातो, कारण ९ + ९ + ९ = २७; तिथे पहिले अक्षर १ किंवा २ असू शकते आणि दोन्ही वाटा तपासाव्या लागतात. तीन संख्यांचे अगदी छोटे कोडे हवे असेल तर हे घ्या: क + क + क = मक. एककाच्या घरात तीन क मिळून पुन्हा क च येतो, म्हणजे दोन क ची बेरीज शून्याने संपते. त्यामुळे क ० किंवा ५. शून्य घेतला तर म सुद्धा ० होतो, जे चालत नाही. म्हणून ५ + ५ + ५ = १५.