केबिन क्रू मुलाखतीची तयारी : फटीत पडलेला फोन आणि तुमचं उत्तर

आमच्याकडे मॉक मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विमान उडून तासभर झालाय. खिडकीजवळच्या प्रवाशाचा मोबाइल सीटच्या फटीत पडलाय आणि तो सीट मागेपुढे करून फोन काढायला बघतोय. तुम्ही केबिन क्रू आहात, काय कराल?

बहुतेक जण सांगतात, "मी हसून मदत करेन, सीट थोडी सरकवून फोन काढून देईन." उत्तर नम्र आहे, पण धोक्याचं आहे. मोबाइलमध्ये लिथियम बॅटरी असते. सीटखालची यंत्रणा हलली की फोन तिच्यात चेपतो, बॅटरी आतून शॉर्ट होते आणि धूर किंवा आग सुरू होऊ शकते. म्हणून फोन अडकला की सीट हलवायची नाही, असं क्रूला शिकवलेलं असतं.

हा नियम तुम्हाला आधीपासून ठाऊक असावा अशी कुणाची अपेक्षा नसते. तो कंपनी नोकरी लागल्यावर प्रशिक्षणात शिकवते. समोरचा बघत असतो ते वेगळंच: प्रवाशाला खूश करायची घाई तुम्हाला जास्त आहे की आधी क्षणभर थांबून "यात धोका कुठे आहे?" असं तुम्ही बघता. या माहितीपत्रकात आम्ही हाच एक प्रश्न शेवटपर्यंत नेला आहे, कारण मुलाखतीच्या जवळजवळ सगळ्या फेऱ्या त्यात येतात.

उत्तराची पहिली तीस सेकंदं

चांगलं उत्तर "मी परिस्थिती हाताळेन" अशा वाक्याने सुरू होत नाही. ते थेट प्रवाशाशी बोलायला लागतं: "सर, एक मिनिट, सीट हलवू नका. फोन आत चेपला तर बॅटरी पेट घेऊ शकते. तुम्ही जरा बाहेर या, मी टॉर्चने बघते." आधी काय करायचं नाही ते, लगेच त्याचं कारण, मग पुढची कृती. कारण सांगितलं की माणूस ऐकतो. नुसतं "अलाउड नाही" म्हटलं की हुज्जत घालतो. मुलाखत इंग्रजीत असली तरी वाक्यं एवढीच छोटी ठेवा. अवघड इंग्रजी शब्द शोधण्यात जो वेळ जातो, त्यात चेहऱ्यावरची सहजता जाते.

यावर मुलाखत घेणारे हमखास पुढे ढकलतात. "प्रवासी म्हणतो, मी दर आठवड्याला विमानाने फिरतो, मला शिकवू नका. आता?" इथे काही जण लगेच नमतात आणि काही जण "नियम म्हणजे नियम" म्हणून ताठ होतात. दोन्ही नको. सीट हलवायची नाही हे कायम ठेवायचं आणि प्रवाशाच्या हाती काहीतरी द्यायचं: "तुमचा फोन मिळायलाच हवा, सर. हाताने निघाला नाही तर मी आत्ताच सीनियरना सांगते आणि उतरल्यावर इंजिनिअर सीट उघडून काढतील." यात "दोन मिनिटांत देते" असा शब्द कुठेही नाही, हे बघा. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन दिलं की अनुभवी मुलाखतकार नेमका तिथेच पुढचा प्रश्न टाकतो.

"प्रशिक्षणात सांगतील तसं करेन" एवढंच म्हणणं हेही उत्तर नव्हे. सुरुवातीला स्वतः काय कराल ते सांगा, मग सीनियर आणि कॅप्टन यांच्यापर्यंत बातमी कशी पोचवाल ते सांगा.

"असा प्रसंग तुमच्यावर कधी आलाय?" हेही विचारतात. त्यासाठी विमानाचा अनुभव लागत नाही. दिवाळीत मिठाईच्या काउंटरवर काम केलं असेल किंवा मंडळाच्या मांडवात दर्शनाची रांग सांभाळली असेल, तर तोच खरा प्रसंग सांगा: काय बिघडलं, तुम्ही नेमकं काय बोललात, पुढे काय झालं. इंटरनेटवरून पाठ केलेला प्रसंग दुसऱ्याच उपप्रश्नाला उघडा पडतो.

ग्रुप राउंड : तुम्ही बोलत नसताना

गटाला एखादा प्रश्न देतात आणि थोडक्या वेळात एकमताने उत्तर ठरवायला सांगतात. आमच्या सरावात तो असा असतो: लँडिंगला दहा मिनिटं उरलीत आणि एकाच वेळी चार गोष्टी समोर आल्या. एका आजींना गरगरतंय, एक बाळ थांबत नाहीये, एकाला जेवण मिळालेलं नाही म्हणून तो चिडलाय आणि आपल्या माणसाचा फोन फटीत आहे. क्रम लावा.

क्रम कोणता निघाला यापेक्षा तो कसा काढला याला गुण जास्त असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. तरीही घोटाळा होतो, आणि तो ठरलेल्या जागी होतो. तुम्ही म्हणता "आधी आजी", दुसरं कुणी म्हणतं "आधी फोन", आणि गट त्याच्या बाजूने जातो. त्या क्षणी ओठांवरचं हसू टिकतं, पण हात छातीशी बांधले जातात, पाठ खुर्चीला टेकते, नजर खाली जाते. बाजूला बसलेले निरीक्षक नेमकं हेच टिपतात. विमानात दिवसातून कितीतरी वेळा तुमचं म्हणणं मागे पडणार असतं आणि तरीही पुढचे दोन तास त्याच सहकाऱ्यांबरोबर काम करायचं असतं.

यावर आमचा उपाय साधा आहे. आपलं म्हणणं मागे पडलं की पुढचं वाक्य गटाच्या निर्णयाला मदत करणारं बोला. "ठीक आहे, एक जण फोनकडे जाऊ दे, तोवर दुसरा आजींना पाणी विचारेल." यात कुरकुर नाही आणि आजीही विसरल्या गेल्या नाहीत. खरं तर या प्रश्नाचं चांगलं उत्तर हेच आहे, कारण विमानात तुम्ही एकटे नसता. भारतात नियमाने दर 50 सीटमागे किमान एक केबिन क्रू असतो. म्हणजे नेहमीच्या 180 सीटच्या विमानात चौघं तरी असतात. चौघांत कामं वाटण्याऐवजी गट एकाच माणसाने चार कामं कोणत्या क्रमाने करावीत यावर भांडत बसतो, हे आम्ही सरावात सारखं बघतो.

गटात कुणी गप्प असेल तर तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचा आणि नावाने विचारा, "तुला काय वाटतं?" मात्र हे एकदाच करा. दर दोन वाक्यांनी केलं की दाखवण्यासाठी चाललंय हे कळतं. आणि प्रसन्न राहणं म्हणजे सतत दात दाखवणं नव्हे. समोरचा बोलताना त्याच्याकडे बघणं आणि त्याचं वाक्य पुरं होऊ देणं एवढ्याने चेहरा आपोआप मोकळा राहतो.

आता त्या फटीतून धूर येतोय

मुलाखतकार आवाज चढवून, मध्येच तोडून विचारतो: "धूर येतोय! लोक उठलेत! पटकन सांगा!" हा ताण मुद्दाम दिलेला असतो.

खऱ्या विमानात इथे तीन कामं एकदम सुरू होतात. एक जण आग विझवतो, दुसरा इंटरकॉमवरून कॅप्टनला कळवतो, तिसरा जास्तीचं साहित्य आणतो आणि आजूबाजूच्या प्रवाशांना दूर नेतो. ज्वाळा असतील तर आधी हॅलॉन वायूचं अग्निशामक वापरतात. पण हॅलॉन फक्त ज्वाळा मारतो, बॅटरी आतून तापलेलीच राहते आणि पुन्हा पेटू शकते. म्हणून नंतर पाणी किंवा अल्कोहोल नसलेलं दुसरं पेय भरपूर ओतून ती थंड करतात आणि पुढेही तिच्यावर नजर ठेवतात. बर्फ वापरत नाहीत. तो उष्णता आत कोंडून ठेवतो.

तुम्ही हे सगळं पाठ म्हणून दाखवू नका. "आसपासच्या लोकांना बाजूला करेन, सहकाऱ्याला हाक मारेन, ती कॅप्टनना कळवेल आणि मी अग्निशामक घेईन" एवढं सांगितलंत तरी भरपूर. पुढे प्रश्न आलाच तर पाण्याचं कारण सांगा. बोलण्याआधी एक श्वास घ्या. तेवढी शांतता कुणाला खटकत नाही. खटकतं ते वाक्य तीनदा सुरू करून सोडून देणं.

शांत म्हणजे मृदू आवाज, हा गैरसमज मात्र इथे सोडा. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली, तेव्हा क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरून लोकांना हलवलं. आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते. कोणत्या बाजूला आग आहे हे बघून ते उघडले गेले आणि विमानातले सर्व 379 जण बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण मात्र दगावले. आणीबाणीत क्रूचा आवाज मोठा आणि हुकमी असतो. शांत असतं ते डोकं.

याचा सराव पुण्यातच करता येतो. उड्डाण आणि लँडिंगच्या वेळी क्रू सीटवर बसून मनातल्या मनात उजळणी करतात: माझा दरवाजा कोणता, बाहेर आग आहे का हे कुठून बघेन, पहिला हुकूम काय देईन, मदत कुणाची घेईन. याला सायलेंट रिव्ह्यू म्हणतात. पीएमपीच्या बसमध्ये बसलात की हेच करा. आठ-पंधरा दिवस नेमाने केलंत, की "विमानात धूर दिसला तर?" या प्रश्नाला तुम्ही शब्द शोधत बसणार नाही.

ग्रूमिंग

यावर बाहेर ढीगभर सल्ले आहेत, म्हणून फक्त पुण्यात नडतं तेवढंच लिहितो. आपल्या मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून आणि वर हेल्मेट घालून दुचाकीवरून येतात. बन चपटा होतो, फाउंडेशन स्कार्फला लागतं, लिपस्टिक हनुवटीवर. त्या दिवशी रिक्षा करा. दुचाकीशिवाय इलाज नसेल तर घरून फक्त फाउंडेशनशिवायचा स्वच्छ चेहरा आणि साधी वेणी घेऊन निघा. जाळी, पिना आणि मेकअप पिशवीत ठेवा आणि पाऊण तास आधी पोचून तिथे तयार व्हा. फाउंडेशनचा रंग मानेशी जुळवा, हाताशी नव्हे. मुलांनी दाढी त्याच सकाळी करावी, आदल्या रात्री नव्हे.

बूट नवे नकोत. रांगेत आणि फेऱ्यांमध्ये बराच वेळ उभं राहावं लागतं आणि टाच सोलली की चालणं बदलतं, ते लगेच दिसतं. उंचीबरोबर हाताची पोचही मोजतात, कारण आणीबाणीचं बरंच साहित्य डोक्यावरच्या कप्प्यात असतं. एमिरेट्सची अट किमान 160 सेंमी उंची आणि चवड्यांवर उभं राहून 212 सेंमीपर्यंत हात पोचणं अशी आहे. घरच्या भिंतीवर 212 ला पेन्सिलने खूण करा आणि अर्ज भरण्याआधीच बघा. गणवेशात दिसेल अशा जागी टॅटू असेल तर तेही आधीच सांगा, आम्ही त्या त्या कंपनीची अट तपासून देऊ.

आमच्याकडे येताना

मॉकसाठी मुलाखतीचेच कपडे आणि तेच बूट घालून या, बायोडेटाच्या दोन प्रती आणा. ग्रुप राउंडचं आम्ही व्हिडिओ चित्रण करतो आणि नंतर आवाज बंद करून तुमच्याबरोबर बघतो. निवडीची हमी आम्ही देत नाही, कारण ती देणं कुणाच्याच हातात नाही. भरतीसाठी नामांकित विमान कंपन्या उमेदवारांकडून पैसे घेत नाहीत. कुणी त्यांच्या नावाने "रजिस्ट्रेशन" किंवा "डिपॉझिट" मागितलं तर पैसे भरू नका आणि तो मेसेज आम्हाला आणून दाखवा. हे बघून द्यायला आम्ही फी घेत नाही.