आरएनएवरून डीएनए: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच्या शोधामागची गोष्ट

१९११ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या अंगावरची कर्करोगाची गाठ वाटली आणि तो रस जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून गाळला. त्यात एकही अख्खी पेशी उरली नव्हती. तरीही तो दुसऱ्या कोंबडीला टोचल्यावर तिला गाठ झाली. गाळणीतून पार गेलेला तो विषाणू पुढे ‘राउस सार्कोमा व्हायरस’ म्हणून ओळखला गेला. राउस यांना नोबेल मिळायला मात्र १९६६ उजाडले.

या विषाणूच्या पोटात डीएनए नाही, आरएनए आहे. अडचण इथेच होती. आरएनए पेशीत फार काळ टिकत नाही. मग एकदा बिघडलेली पेशी विभागत गेली, तरी तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या तशाच बिघडलेल्या कशा निघतात? हॉवर्ड टेमिन हे तरुण संशोधक १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून या विषाणूवर काम करत होते. त्यांना दिसले, की विषाणूचे रूप बदलले की बिघडलेल्या पेशींचा आकारही बदलतो, आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणजे विषाणूची माहिती पेशीच्या वारशातच शिरलेली असणार.

विस्कॉन्सिन विद्यापीठात गेल्यावर टेमिन यांनी पेशींना अॅक्टिनोमायसिन-डी दिले. हे रसायन डीएनएला चिकटते आणि डीएनएवरून आरएनए बनणे थांबवते. पोलिओसारख्या आरएनए विषाणूंना त्याने फारसा फरक पडत नाही, कारण त्यांच्या वाटेत डीएनए येतच नाही. राउसच्या विषाणूची निर्मिती मात्र थांबली. त्यावरून टेमिन यांनी १९६४मध्ये मांडणी केली, की हा विषाणू आपल्या आरएनएची डीएनए-प्रत काढतो आणि नवे विषाणू त्या प्रतीवरूनच घडतात. या प्रतीला त्यांनी ‘प्रोव्हायरस’ म्हटले.

फार कोणी मानले नाही. त्यामागे नुसता हट्ट होता असे मला वाटत नाही. अॅक्टिनोमायसिन-डी पेशीला विषारी असते, त्यामुळे विषाणू थांबला तो नेमका कशामुळे, हे सांगता येत नव्हते. पेशीत विषाणूचा डीएनए सापडल्याचे टेमिन यांचे पुरावेही पुसट होते. शिवाय माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, हे तेव्हा पाठ्यपुस्तकात पक्के बसले होते. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांच्या मूळ मांडणीत उलट्या प्रवासाला बंदी नव्हती. प्रथिनाकडून माहिती परत येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि १९७०मध्ये त्यांना ते पुन्हा स्पष्ट करावे लागले.

कोंडी फुटली ती ‘शोधायचे कुठे’ हे कळल्यावर. टेमिन यांचे सहकारी सातोशी मिझुतानी यांना आढळले, की संसर्गाच्या वेळी पेशीचे प्रथिन बनवणे रोखले तरी प्रोव्हायरस तयार होतोच. म्हणजे प्रत काढणारे एन्झाइम पेशीत नव्याने बनत नव्हते, विषाणू ते बरोबर घेऊनच येत होता. एमआयटीमध्ये डेव्हिड बाल्टिमोर वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले. दुसऱ्या एका आरएनए विषाणूच्या कणात आरएनए बनवणारे एन्झाइम त्यांना आधीच सापडले होते. मग उंदराच्या रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू घेऊन त्यांनी तोच प्रश्न डीएनएबद्दल विचारला.

प्रयोग साधा होता. विषाणूचे कण शुद्ध करायचे, त्यांचे बाहेरचे आवरण सैल करायचे, त्यात डीएनएचे चारही घटक टाकायचे. त्यातला थायमिनचा घटक किरणोत्सारी. नंतर आम्ल घालायचे. सुटे घटक विरघळलेले राहतात आणि लांब साखळी तेवढी खाली बसते. त्या साक्यात किरणोत्सार सापडला, म्हणजे साखळी बनली. ती डीएनएचीच होती, कारण डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमने ती नष्ट झाली. निर्णायक चाचणी त्यापुढची: आरएनए तोडणारे एन्झाइम आधीच घातले, तर डीएनए बनणे थंडावत होते. नक्कल आरएनएवरूनच होत होती. दोन्ही गटांचे निबंध २७ जून १९७०च्या ‘नेचर’मध्ये एकाच अंकात आले. एन्झाइमला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे नाव पडले आणि १९७५मध्ये टेमिन व बाल्टिमोर यांना, रेनातो डल्बेको यांच्यासह, नोबेल मिळाले.

परीक्षानळीत डीएनए बनतो हे दिसले, पण जिवंत पेशीत तो पूर्ण विषाणूचा असतो का? १९७२मध्ये मिरोस्लाव्ह हिल आणि याना हिलोव्हा यांनी राउसच्या विषाणूने बिघडलेल्या उंदराच्या पेशी घेतल्या. त्या स्वतः विषाणू सोडत नव्हत्या. त्यांचा नुसता डीएनए काढून कोंबडीच्या पेशींना दिला, तर तिथे विषाणू तयार झाले.

यानंतर उलगडलेली नकलेची रीत मला सगळ्यांत मजेशीर वाटते. कोणतेही डीएनए बनवणारे एन्झाइम कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही, त्याला आधीचे एक टोक लागते. ते विषाणू पेशीकडूनच उचलतो: प्रथिन बनवताना वापरला जाणारा छोटा टीआरएनए. राउसच्या विषाणूत तो आरएनएच्या सुरुवातीपासून शंभरेक अक्षरांवर चिकटलेला असतो. तिथून नक्कल सुरू होते आणि शंभर अक्षरांत आरएनएच संपतो! मग एन्झाइमचाच दुसरा भाग, आरनेज-एच, नक्कल झालेला आरएनए कुरतडून टाकतो. आरएनएच्या दोन्ही टोकांना एकच छोटा मजकूर असतो, त्यामुळे मोकळा झालेला डीएनएचा तुकडा दुसऱ्या टोकाला जाऊन जुळतो आणि उरलेली नक्कल पुढे चालते. डीएनएची दुसरी साखळी बनताना अशीच आणखी एक उडी होते.

इतका खटाटोप कशासाठी? जनुक सुरू करणारा भाग, म्हणजे प्रोमोटर, आरएनएच्या सुरुवातीच्या आधी असतो, त्यामुळे तो तिथे आरएनएत उतरत नाही. त्याची प्रत फक्त आरएनएच्या शेपटीकडे असते. उड्यांमुळे ती पुन्हा डोक्याकडे येते. म्हणून डीएनए मूळ आरएनएपेक्षा थोडा लांब निघतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकसारखा पट्टा असतो. त्याला एलटीआर म्हणतात.

पुढचे काम इंटिग्रेज या एन्झाइमचे. ते डीएनएच्या दोन्ही टोकांवरची साधारण दोन-दोन अक्षरे छाटते आणि ती टोके पेशीच्या डीएनएत जोडते. पेशीचा डीएनए दोन्ही साखळ्यांत समोरासमोर कापला जात नाही, थोडे अंतर ठेवून कापला जातो: राउसच्या विषाणूत ६ अक्षरांचे, एचआयव्हीत ५, उंदराच्या विषाणूत ४. उरलेल्या फटी पेशी स्वतःच बुजवते आणि तेवढी अक्षरे प्रोव्हायरसच्या दोन्ही बाजूंना दुबार होतात. सगळ्याच प्रतींना हे जमत नाही. काहींची टोके एकमेकांना जोडली जाऊन केंद्रकात वर्तुळ बनते. एके काळी जोडणी या वर्तुळातूनच होते असे मानत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कळले, की जोडला जातो तो सरळ तुकडा आणि वर्तुळे निकामी असतात. प्रयोगशाळेत मात्र ती कामाची: दोन एलटीआरचे वर्तुळ दिसले, की डीएनए केंद्रकापर्यंत पोहोचला होता हे कळते.

जनन पेशींत घडलेली अशी जोडणी पुढच्या पिढीला मिळते. माणसाच्या जीनोमपैकी सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे. बहुतेक ठिकाणी मधली जनुके कधीच गळून गेली आहेत आणि एकटा एलटीआर उरला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना ती दुबार झालेली मोजकी अक्षरे अनेकदा अजून वाचता येतात.